दोन वक्र, एकच गिनी : समानतेच्या रेषेखालची पोकळी नेमकी कुठे आहे?

मंजिरी

लॉरेन्झ वक्र शिकवताना बहुतेक ठिकाणी एकच आकृती काढतात. चौकोनाचा कर्ण म्हणजे समानतेची रेषा, तिच्याखाली पोट सुटल्यासारखा वक्र, आणि दोघांमधला भाग तिरप्या रेघांनी भरलेला. हा भाग जितका मोठा तितकी विषमता जास्त, एवढं वाक्य लिहून घ्यायचं की धडा संपला. वाक्य खोटं नाही. पण तेवढ्यावरच थांबलं तर त्या आकृतीतली निम्मी माहिती हाती लागत नाही, असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा.

आधी वक्र कसा उभा राहतो ते. सगळ्या माणसांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत लावायचं, सगळ्यात कमी उत्पन्न असलेला पहिला. मग रांगेच्या सुरुवातीपासून चालत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, आत्तापर्यंत किती टक्के माणसं झाली आणि त्यांच्याकडे मिळून एकूण उत्पन्नाचा किती टक्के वाटा आला? माणसांची टक्केवारी आडव्या अक्षावर, उत्पन्नाची उभ्या अक्षावर. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर 20 टक्के माणसांकडे 20 टक्के, 40 टक्क्यांकडे 40 टक्के, असं करत सरळ कर्ण तयार होतो. अमेरिकेतल्या मॅक्स लॉरेन्झ यांनी 1905 मध्ये संपत्तीचं केंद्रीकरण मोजण्यासाठी ही पद्धत मांडली.

आता दोन समाज घेऊ, अ आणि ब. प्रत्येकात पाच समान गट, म्हणजे दर गटात 20 टक्के माणसं. एकूण उत्पन्न दोन्हीकडे 100. गरीब गटाकडून श्रीमंत गटाकडे वाटे असे:

```
अ :  5   10   15   20   50
ब :  2    8   20   28   42
```

बेरीज करत गेलं की वक्राचे बिंदू मिळतात. अ चे 5, 15, 30, 50, 100. ब चे 2, 10, 30, 58, 100. समानतेची रेषा त्याच ठिकाणी 20, 40, 60, 80, 100 वर असते. रेषेतून वक्र वजा केला की उभी अंतरं मिळतात:

```
अ : 15   25   30   30   0
ब : 18   30   30   22   0
```

दोन्ही ओळींची बेरीज 100 येते. प्रत्येक पट्टी 20 रुंदीची, म्हणून दोन्हीकडे पोकळीचं क्षेत्रफळ 2000. कर्णाखालचा पूर्ण त्रिकोण 5000 चा. 2000 भागिले 5000, म्हणजे 0.40. हाच गिनी गुणांक, आणि तो दोन्ही समाजांचा अगदी सारखा आहे. पोकळी तेवढीच, आकडा तोच.

पण अ मध्ये सगळ्यात गरीब गटाकडे 5 आहेत आणि ब मध्ये फक्त 2. उलट सगळ्यात वरचा गट अ मध्ये 50 घेऊन बसलाय, ब मध्ये 42. दोन्ही वक्र कागदावर काढले तर 60 टक्क्यांवर ते एकमेकांना छेदतात. त्याच्या डावीकडे ब चा वक्र खाली आहे, उजवीकडे अ चा.

तुमच्या मते जास्त विषम समाज कोणता, आणि का? आकडा सारखा आहे म्हणून विषमताही सारखीच, असं उत्तर मात्र मला पटणार नाही.

---

शेषराव

छान मांडलंय. माझ्या समजुतीप्रमाणे समानतेची रेषा म्हणजे सरासरी उत्पन्नाची रेषा. तिच्याखाली जो आहे त्याला सरासरीपेक्षा कमी मिळतं. आणि सगळ्यात जास्त अंतर बरोबर मध्यावर, 50 टक्क्यांपाशी असतं, कारण तिथे रांगेचा मध्य येतो. त्यामुळे पूर्ण क्षेत्रफळ काढत बसण्यापेक्षा मधलं एक अंतर मोजलं तरी काम भागावं.

---

नीलकंठ

शेषरावकाका, सरासरीचा संबंध तुम्ही बरोबर ओळखलात, पण तो रेषेच्या चढात आहे, उंचीत नाही. समानतेच्या रेषेवर प्रत्येक पाऊल टाकताना 1 टक्का माणसांमागे 1 टक्का उत्पन्न मिळतं. तिचा चढ सगळीकडे 1. लॉरेन्झ वक्राचा चढ मात्र बदलत जातो, आणि एखाद्या ठिकाणचा चढ म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाचं उत्पन्न भागिले सरासरी उत्पन्न. मंजिरींच्या अ समाजात पहिल्या गटाला 20 टक्के माणसांमागे 5 टक्के मिळतात, चढ 0.25. दुसऱ्याचा 0.5, तिसऱ्याचा 0.75, चौथ्याचा बरोबर 1, शेवटच्याचा 2.5.

यावरून सगळ्यात मोठं अंतर कुठे ते आपोआप ठरतं. चढ 1 पेक्षा कमी असेल तोवर वक्र रेषेपासून दूर दूर जातो. चढ 1 च्या वर गेला की तो परत रेषेकडे यायला लागतो. म्हणजे अंतर सर्वांत जास्त तिथे, जिथे माणसाचं उत्पन्न सरासरीइतकं असतं. ती जागा रांगेच्या मध्यावर असेलच असं नाही. अ मध्ये ती 60 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यात आहे, आणि चौथ्या गटाचा चढ 1 असल्यामुळे त्या पूर्ण पट्ट्यात वक्र कर्णाला समांतर धावतो, अंतर 30 वरच राहतं. ब मध्ये तसाच समांतर तुकडा तिसऱ्या गटात, 40 ते 60 च्या दरम्यान आहे. उत्पन्नात वरच्या टोकाचे लोक सरासरीला वर खेचतात, म्हणून प्रत्यक्ष आकडेवारीत ही जागा बहुतेक वेळा मध्याच्या उजवीकडेच सापडते.

तुमची एकच अंतर मोजण्याची कल्पना मात्र टाकाऊ नाही. त्या सर्वांत मोठ्या अंतराला हूव्हर निर्देशांक म्हणतात, रॉबिनहूड निर्देशांक असंही नाव आहे. त्याचा अर्थ फार सरळ आहे. सगळ्यांना सारखं करायचं ठरवलं तर एकूण उत्पन्नातला किती वाटा एका हातातून काढून दुसऱ्या हातात द्यावा लागेल, तो हा आकडा. अ मध्ये वरच्या गटाकडे 50 आहेत, समान वाट्याने 20 यायला हवे होते, म्हणजे 30 जास्त. ब मध्ये वरचे दोन गट मिळून 70 घेतात, 40 यायला हवे होते, म्हणजे तिथेही 30.

गंमत पाहा, हूव्हरही दोन्हीकडे 30 च. अ मध्ये जास्तीचे 30 एकाच गटाकडे गोळा झालेत, ब मध्ये ते दोन गटांत विभागलेत. हा फरक एका अंतरात दिसत नाही आणि क्षेत्रफळातही दिसत नाही. तो फक्त वक्र पाहिला तरच दिसतो.

---

पोपटी_पान

मी वाणिज्य शाखेची नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. वक्र समानतेच्या रेषेच्या जवळ आला म्हणजे गरिबी कमी झाली, असंच ना? मग सरकारं नुसता हा वक्र दाखवून सांगू शकतील की गरीब कमी झाले.

---

मंजिरी

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. पण उत्तर नाही असं आहे. या वक्रावर दोन्ही अक्ष टक्केवारीचे आहेत, उत्पन्न किती हे त्यात कुठेच येत नाही. अ समाजातल्या प्रत्येकाचं उत्पन्न उद्या निम्मं झालं तर सगळे गरीब होतील, तरी वाटे 5, 10, 15, 20, 50 असेच राहतील आणि वक्र जागचा हलणार नाही. सगळ्यांचं दुप्पट झालं तरी तेच.

आता प्रत्येकाला सारखी रक्कम वाढवून देऊन पाहा. अ मधल्या प्रत्येक गटाला 5 जास्त दिले तर 10, 15, 20, 25, 55 होतात, एकूण 125. वाटे काढले की 8, 12, 16, 20, 44. वक्राचे बिंदू 8, 20, 36, 56. अंतरं 12, 20, 24, 24, बेरीज 80, आणि गिनी 0.40 वरून 0.32 वर येतो. वक्र रेषेकडे सरकला. पण सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटातला फरक आधीही 45 होता, आताही 45 च आहे.

म्हणून वक्र फक्त वाटपाबद्दल बोलतो. गरिबीसाठी वेगळी रेषा आखावी लागते आणि तिच्याखाली किती माणसं आहेत ते मोजावं लागतं.

---

विश्वंभर

इथेच माझा आक्षेप आहे आणि तो मी मनापासून मांडतोय. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं तर 5 वाल्याचे 10 होतात आणि 50 वाल्याचे 100. फरक 45 चा 90 झाला. खालच्या माणसाला वरचा माणूस दुप्पट लांब गेलेला दिसतो, आणि तुमचा वक्र म्हणतो की काहीच बदललं नाही. ज्या मापाला हे दिसत नाही त्याला विषमतेचं माप कसं म्हणायचं?

---

नीलकंठ

आक्षेप जुना आहे आणि त्याला शेवटचं उत्तर नाही. विषमता गुणोत्तरात मोजायची की वजाबाकीत, हे आधी ठरवावं लागतं, आणि लॉरेन्झ वक्राने गुणोत्तराची बाजू घेतली आहे. त्यात एक मोठी सोय आहे. मोजण्याचं चलन बदललं किंवा सगळ्या रकमा महागाईच्या एकाच दराने वाढवून घेतल्या तरी वक्र बदलत नाही. वजाबाकीचं माप घेतलं तर नुसत्या महागाईनेही विषमता वाढलेली दिसेल.

वजाबाकी हवी असेल तर गिनीला सरासरी उत्पन्नाने गुणतात, त्याला निरपेक्ष गिनी म्हणतात. तुमच्या उदाहरणात तो दुप्पट होईल. आणि वाटपाबरोबर एकूण पातळीही पाहायची असेल तर टोनी शोरॉक्स यांनी 1983 मध्ये सुचवलेला सामान्यीकृत वक्र आहे. त्यात लॉरेन्झ वक्राचा प्रत्येक बिंदू सरासरी उत्पन्नाने गुणतात, त्यामुळे वक्राचं उजवं टोक 100 टक्क्यांऐवजी सरासरीवर जाऊन थांबतं. उत्पन्न दुप्पट झालं की तो वक्र वर उचलला जातो. पण विश्वंभर, तुम्हाला ज्या अंतराची चिंता आहे ते त्यातही वेगळं मोजलं जात नाही. त्यासाठी निरपेक्ष मापच लागेल.

---

विश्वंभर

निरपेक्ष गिनी वाचून पाहतो. तरीही माझं मत तेच आहे. महागाई वजा करून घेतली तर वजाबाकीच्या मापातली ती अडचण उरत नाही, मग गुणोत्तरच का धरून बसायचं?

---

धनश्री_प

विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारते. मी एका संस्थेत हिशेब पाहते. इथे साधारण चाळीस माणसं आहेत. हा धागा वाचून पगारपत्रकाचा लॉरेन्झ वक्र काढला. पण माझा वक्र सुरुवातीला समानतेच्या रेषेच्या वर जातो! साधारण एक तृतीयांश माणसांपर्यंत वर, मग रेषा ओलांडून खाली येतो आणि शेवटी कोपऱ्यात मिळतो. याचा अर्थ आमच्याकडे उलटी विषमता आहे का? वरचा भाग ऋण धरून खालच्या भागातून वजा करायचा का?

---

मंजिरी

धनश्री, पगारपत्रक विभागवार लावलेलं आहे का? पहिला विभाग जास्त पगारवाल्यांचा असावा असा माझा अंदाज.

---

धनश्री_प

हो, विभागवारच आहे. आधी व्यवस्थापन, मग लेखा, मग बाकीचे. तुम्हाला कसं कळलं?

---

मंजिरी

वक्र कधीच रेषेच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून. तुमच्या चाळीसांपैकी सगळ्यात कमी पगाराचे बारा जण घ्या. ते सगळ्यांत कमी पगाराचे आहेत म्हटल्यावर त्यांची सरासरी पूर्ण संस्थेच्या सरासरीपेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे माणसांपैकी 30 टक्के असलेल्या या बारा जणांकडे एकूण पगाराचे 30 टक्क्यांहून जास्त येणं शक्य नाही. बाराच्या जागी कुठलाही आकडा घाला, हेच लागू पडतं. त्यामुळे वक्र एकाही ठिकाणी वर दिसला तर रांग चढत्या क्रमाने लावलेली नाही, हे नक्की. काही वजा करू नका. पगाराचा स्तंभ चढत्या क्रमाने लावा आणि बेरजा पुन्हा करा.

आणखी एक खूण सांगते, कारण ही चूक प्रत्येक वेळी इतकी उघड दिसत नाही. पूर्ण वक्र रेषेखाली असूनही क्रम चुकलेला असू शकतो. नीलकंठ म्हणाले तसं, चढ म्हणजे त्या जागेवरच्या माणसाचं उत्पन्न भागिले सरासरी. रांग चढती असेल तर चढ वाढतच जायला हवा, फार तर काही अंतर तोच राहील. वक्र मध्येच चपटा झाला, म्हणजे आधी चढून मग आडवा पडायला लागला, तर त्या ठिकाणी कोणीतरी कमी उत्पन्नाचा माणूस पुढे घुसलाय. बोटाने वक्रावरून डावीकडून उजवीकडे जाताना बोट वरच्या बाजूलाच वळत राहायला हवं.

---

धनश्री_प

क्रम लावला, वक्र खाली आला. आता नवीन शंका. डावीकडचा पहिला तुकडा जवळजवळ आडवा आहे. तिथे अर्धवेळ काम करणारे सहा जण आहेत. त्यांचा तासाचा दर बाकीच्यांच्या जवळपासच आहे, पण महिन्याला हातात येणारी रक्कम कमी. त्यांना धरायचं की नाही?

---

नीलकंठ

तुम्हाला काय विचारायचंय त्यावर अवलंबून आहे. संस्था कामाचा मोबदला कितपत सारखा देते हे पाहायचं असेल तर सगळ्यांचे पगार पूर्णवेळेच्या हिशेबात आणा, किंवा सरळ तासाचे दर घ्या. माणसांच्या हातात काय पडतं हे पाहायचं असेल तर ते सहा जण जसे आहेत तसेच राहू द्या. दोन्ही वक्र खरे आहेत. मात्र एक काढून दुसऱ्याचा निष्कर्ष सांगायचा नाही. गेल्या वर्षीचा वक्र एका पद्धतीने आणि यंदाचा दुसऱ्या पद्धतीने काढला तर दोघांमधला फरक निव्वळ पद्धतीचा असेल.

मोठ्या पाहण्यांमध्येही अशाच अडचणी येतात. माणूस मोजायचा की कुटुंब, महिन्याचं उत्पन्न की वर्षाचं, कर भरण्याआधीचं की नंतरचं? हंगामी काम करणाऱ्यांचं एकाच महिन्याचं उत्पन्न घेतलं तर वक्र वर्षाच्या वक्रापेक्षा जास्त खाली झुकलेला दिसतो. म्हणून दोन देशांचे गिनी शेजारी ठेवून तुलना केलेली दिसली की मी आधी उत्पन्न म्हणजे नेमकं काय धरलंय ते शोधतो. एकाने उत्पन्न मोजलं असेल आणि दुसऱ्याने खर्च, तर ती तुलना तिथेच सोडून द्यावी. श्रीमंत माणसं उत्पन्नातला बराच भाग शिल्लक टाकतात, त्यामुळे खर्चाचा वक्र साधारणपणे रेषेच्या जास्त जवळ असतो.

---

शेषराव

माझी एक शंका राहिली. पाच गटांवरून काढलेला गिनी कितपत खरा मानायचा? गटाच्या आत तर सगळ्यांना सारखं धरलंय आपण.

---

मंजिरी

शेषरावकाका, शंका अगदी योग्य आहे. दोन बिंदू सरळ रेघेने जोडले की त्या गटातल्या प्रत्येकाला गटाची सरासरी मिळते असं आपण गृहीत धरतो. खरा वक्र त्या सरळ रेघेच्या खालून जातो, कारण गटाच्या आतही कमी-जास्त असतंच. त्यामुळे गटांवरून काढलेला गिनी खऱ्यापेक्षा कमी येतो. जास्त कधीच येत नाही.

अ समाजातला वरचा गट फोडून पाहू. समजा त्या 50 पैकी खालच्या अर्ध्या माणसांकडे 15 आणि वरच्या अर्ध्यांकडे 35 आहेत. आता 90 टक्क्यांवर एक नवा बिंदू येतो, 50 अधिक 15 म्हणजे 65. जुन्या सरळ रेघेवर तिथे 75 होते. वक्र तिथे 10 ने खाली गेला आणि पोकळीत एका त्रिकोणाची भर पडली, पाया 20, उंची 10, क्षेत्रफळ 100. पोकळी 2100 झाली, गिनी 0.42. एकच गट फोडला आणि तोही फक्त दोन भागांत. वरच्या टोकाला उत्पन्न फार लांबवर पसरलेलं असतं, म्हणून सर्वांत जास्त माहिती त्याच गटात दडलेली असते.

शिवाय घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत अतिश्रीमंत माणसं हाती लागणं कठीण असतं. सापडली तरी पूर्ण उत्पन्न सांगतीलच असं नाही. मग वक्राचं उजवं टोक जेवढं खाली ओढलं जायला हवं तेवढं जात नाही आणि समाज प्रत्यक्षापेक्षा समान दिसतो. म्हणून अलीकडे वरच्या टोकासाठी पाहणीच्या जोडीला करविवरणांची आकडेवारी वापरतात.

---

पोपटी_पान

मंजिरीताई, मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही हो. अ की ब? मला ब जास्त विषम वाटतो. 5 वरून 2 वर येणं म्हणजे त्या माणसांचं निम्म्याहून जास्त गेलं. वरच्याचे 50 चे 42 झाले तर त्याला विशेष फरक पडत नाही.

---

विश्वंभर

मला अ जास्त विषम वाटतो. एका गटाकडे निम्मं उत्पन्न म्हणजे त्याच्या हातात बाजार, जमीन, निर्णय सगळंच आलं. ब मध्ये निदान मधल्या दोन गटांकडे मिळून 48 आहेत, अ मध्ये 35 च. मधला वर्ग भक्कम असलेला समाज मी कमी विषम मानतो.

---

नीलकंठ

तुम्ही दोघंही तर्काला धरून आहात आणि हे आकड्यांनीही दाखवता येतं. पाचही वाट्यांचा गुणाकार करा. अ चा येतो 7,50,000 आणि ब चा 3,76,320. बेरीज सारखी असताना वाटे जितके सारखे तितका गुणाकार मोठा असतो, आणि तळातला आकडा लहान झाला की गुणाकार झपकन पडतो. या मापाने ब जास्त विषम, म्हणजे पोपटी_पान यांचं मत. आता वर्गांची बेरीज करा. अ ची 3,250 आणि ब ची 3,016. इथे वाटे जितके सारखे तितकी बेरीज लहान, आणि मोठा आकडा वर्ग केल्यावर फारच मोठा होतो. या मापाने अ जास्त विषम, म्हणजे विश्वंभर यांचं मत. एका मापाची नजर तळावर आहे, दुसऱ्याची शिखरावर.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी ॲटकिन्सन यांनी 1970 मध्ये हीच गोष्ट नेमकी मांडली. सरासरी उत्पन्न सारखं असलेल्या दोन समाजांत एकाचा वक्र दुसऱ्याच्या खाली कुठेच जात नसेल आणि निदान काही ठिकाणी वर असेल, तर श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा गेलेला चांगला मानणारं कुठलंही माप त्यालाच जास्त समान ठरवतं. तिथे वादच नाही. वक्रांनी एकमेकांना छेदलं की मात्र दोन समंजस मापं उलटसुलट निकाल देऊ शकतात, आणि कोणाच्या वाट्याला किती वजन द्यायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. त्यांच्या मापात ते वजन उघडपणे एक आकडा म्हणून लिहावं लागतं. तो आकडा वाढवत नेला की तळाला जास्त महत्त्व मिळतं. कुठल्या नजरेने पाहिलं हे लपवता येत नाही, म्हणून मला ते माप आवडतं.

---

शेषराव

मग गिनी कोणाला वजन देतो? तो तरी तटस्थ आहे का?

---

नीलकंठ

तोही तटस्थ नाही. गिनी पाहतो रांगेतली जागा. अ मध्ये वरच्या गटाकडून 5 काढून सर्वांत खालच्याला द्या. वाटे 10, 10, 15, 20, 45, वक्राचे बिंदू 10, 20, 35, 55, अंतरांची बेरीज 80, गिनी 0.32. तेच 5 चौथ्या गटाला दिले तर वाटे 5, 10, 15, 25, 45, अंतरांची बेरीज 95, गिनी 0.38. पहिल्यात पैसा चार पायऱ्या उतरला आणि गिनी 0.08 ने घटला. दुसऱ्यात एक पायरी उतरला आणि 0.02 ने घटला. घेणारा किती गरीब आहे हे गिनी विचारत नाही. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये रांगेत किती माणसं आहेत एवढंच तो मोजतो.

---

मंजिरी

पोपटी_पान, तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगते. मी ब ला जास्त विषम मानते, कारण तळातल्या माणसाला 2 मध्ये जगणं किती अवघड हे माझ्या दृष्टीने आधी येतं. विश्वंभर यांचा सत्तेचा मुद्दा मला नाकारता येत नाही. तो या वक्रावर मोजता येत नाही एवढंच, कारण वक्राला माणसाचा वाटा दिसतो, त्या वाट्याने तो काय करू शकतो ते दिसत नाही.

---

विश्वंभर

संपत्तीचा वक्र काढला तर काही अंशी दिसेल. तिथे कर्ज डोक्यावर असलेली माणसं ऋण संपत्तीची असतात, मग वक्र सुरुवातीला शून्याच्याही खाली जाईल ना? तेव्हा पोकळी कशी मोजायची?

---

नीलकंठ

हो, जातो. आडव्या अक्षाच्या खाली उतरतो आणि संपत्ती शून्याच्या पुढे गेली की वर वळतो. पोकळी मोजता येते, पण मग ती पूर्ण त्रिकोणापेक्षाही मोठी होऊ शकते आणि गिनी 1 च्या वर जाऊ शकतो. काही जण ऋण आकडे शून्य धरतात, काही जण तसेच ठेवून भाजक बदलतात. यावर वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल. मी तिथे संपत्तीच्या वक्राचं एक उदाहरण सोडवून टाकतो.

---

धनश्री_प

तासाच्या दराचाही वक्र काढला. दोन्ही एकाच कागदावर ठेवले तर दराचा वक्र सगळीकडे पगाराच्या वक्राच्या वर आहे, कुठेही छेदत नाही. व्यवस्थापनाला दोन्ही दाखवणार आहे. ते अर्धवेळवाल्यांना वगळून तिसरा काढायला सांगतील असं वाटतं. तसं सांगितलं तर काय म्हणू?

---

मंजिरी

काढून द्या, पण माणसांची संख्या 34 झाली हे आकृतीवरच लिहा. सहा जण गेल्यावर आडव्या अक्षावरचे 100 टक्के म्हणजे वेगळीच माणसं होतात, आणि तो वक्र पहिल्या दोघांच्या शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.